फुल अँड फायनलमधून अ‍ॅडव्हान्स किती कापता येतो? ग्रॅच्युइटीला हात लावायचा का?

पिंपळपान
नमस्कार मंडळी. मी एका छोट्या कारखान्यात अकाउंट्स बघते, पगारही माझ्याकडेच. आमच्याकडचा एक मशीन ऑपरेटर सोडून चाललाय. १८ तारीख त्याचा शेवटचा दिवस, महिना ३० दिवसांचा. सात वर्षं दोन महिने नोकरी झाली. माणूस चांगला आहे, भांडण वगैरे काही नाही, गावाकडे शेती बघायला जातोय.

गेल्या वर्षी घराच्या स्लॅबसाठी त्याने दीड लाख अ‍ॅडव्हान्स घेतला होता. बिनव्याजी. महिना सहा हजार कापायचे ठरलं. अकरा हप्ते गेले, म्हणजे ६६,००० वसूल आणि ८४,००० बाकी.

पगार ३४,०००: बेसिक आणि डीए मिळून २४,०००, एचआरए ८,०००, कन्व्हेयन्स २,०००. १८ दिवसांचे झाले २०,४००. रजेचे १५ दिवस शिल्लक आहेत, आम्ही बेसिक भागिले ३० ने देतो, म्हणजे १२,०००. ग्रॅच्युइटी २४,००० गुणिले १५ भागिले २६ गुणिले ७, म्हणजे ९६,९२३.

साहेबांनी शीट अशी करायला सांगितली: एकूण १,२९,३२३, त्यातून पीएफ १,७२८ आणि प्रोफेशनल टॅक्स २०० वजा, अ‍ॅडव्हान्सचे ८४,००० वजा, हातात ४३,३९५. सरळ वाटतं. पण कुठेतरी वाचलं होतं की पगारातून निम्म्याच्या वर कापता येत नाही. मग हे बरोबर आहे का?

वाघोबा
निम्म्याचा नियम २४,००० च्या आत पगार असणाऱ्यांना. तुमचा माणूस ३४ हजारवाला, त्याला तो कायदाच लागू नाही. बिनधास्त कापा. आणि सोसायटीचं कर्ज असेल तर ७५ टक्क्यांपर्यंत चालतं, हेही माहीत असू द्या.

छोटा कारखानदार
ताई, मी मालकाच्या बाजूने बोलतो, रागावू नका. दीड लाख बिनव्याजी कोण देतो हल्ली? बँकेत गेला असता तर पर्सनल लोनला व्याज भरून थकला असता. आता जाताना त्याचे लाखभर रुपये माझ्याच हातात आहेत आणि मी ते त्याला देऊन टाकू, आणि माझ्या ८४ हजारांसाठी त्याच्या गावी चकरा मारू? हा कुठला न्याय? असंच असेल तर अ‍ॅडव्हान्स देणं बंद करायचं.

भिरभिरं
पीएफमधून अ‍ॅडव्हान्स काढायला फॉर्म ३१ लागतो ना? माझा दोनदा रिजेक्ट झाला, नाव जुळत नाही म्हणतात. कोणी सांगेल का?

पगारपत्रक
भिरभिरं, तो वेगळा विषय, वेगळा धागा काढा. इथे मालकाने दिलेल्या अ‍ॅडव्हान्सबद्दल चाललंय.

पिंपळपान, मी वीस वर्षं लोकांचे पगार करतोय, त्यामुळे जरा सविस्तर.

वाघोबा जे सांगतायत ते पगार देण्याच्या १९३६ च्या कायद्यातलं. त्याची मर्यादा २०१७ पासून महिना २४,००० होती आणि सहकारी संस्थेची कपात असेल तर ७५ टक्क्यांची सवलतही होती, हे खरं. पण २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता २०१९ लागू झाली आणि तो कायदा गेला. संहितेत पगाराची वरची मर्यादा नाही. ३४ हजार असो की साडेतीन लाख, कपातीचा नियम सगळ्यांना. आणि ७५ टक्केही राहिले नाहीत, कलम १८ मध्ये सरसकट ५० टक्के आहेत.

आता तुमची शीट. ती एकच शीट नाही, त्यात तीन वेगवेगळ्या पिशव्या आहेत. तुमच्या साहेबांनी तिन्ही एका गोणीत ओतल्या. पगार, रजेचे पैसे आणि ग्रॅच्युइटी, प्रत्येकीचा नियम वेगळा. आज फक्त पहिल्या पिशवीचं बोलू.

अ‍ॅडव्हान्सची वसुली ही संहितेत चालणारी कपात आहे, त्यात वाद नाही. पण पीएफ, प्रोफेशनल टॅक्स, अ‍ॅडव्हान्स, सगळं मिळून त्या वेतन काळातल्या वेतनाच्या निम्म्याच्या आत बसलं पाहिजे. लोक इथेच चुकतात. त्यांना वाटतं पीएफ बाजूला आणि अ‍ॅडव्हान्सला वेगळे ५० टक्के. तसं नाही, आधी पीएफ आणि टॅक्स त्या निम्म्यातून जाणार, उरलं तर अ‍ॅडव्हान्स.

पिंपळपान
म्हणजे बेसिक डीएचे १८ दिवसांचे १४,४००. निम्मे ७,२००. त्यातून १,९२८ गेले. उरले ५,२७२. एवढेच?! साहेब मला खुर्चीसकट बाहेर काढतील.

पगारपत्रक
थांबा, थोडं बरं आहे. वेतनाच्या व्याख्येत एचआरए आणि कन्व्हेयन्स वगळलेत, म्हणून तुम्ही १४,४०० धरलेत. पण त्याच व्याख्येत खाली एक परंतुक आहे: पगार अदा करण्याच्या कामापुरतं आणि स्त्री-पुरुष समान वेतनाच्या कामापुरतं एचआरए, कन्व्हेयन्स, ओव्हरटाइम हे परत आत घ्यायचे. कपातीचं कलम पगार अदा करण्याच्या प्रकरणातच आहे. म्हणून इथे आधार पूर्ण २०,४००. निम्मे १०,२००, वजा १,९२८, उरतात ८,२७२.

ग्रॅच्युइटीला मात्र हे लागू नाही, तिथे तुमचे २४,०००च बरोबर. एकाच माणसाचं ‘वेतन’ एकाच शीटमध्ये दोन प्रकारे धरावं लागतं, यात कोणीही गोंधळतो.

वाघोबा
बरं, संहितेचं लक्षात नव्हतं, मान्य. पण त्यातच लिहिलंय ना की ५० टक्क्यांच्या वर गेलं तर जास्तीचं वसूल करता येईल? मग करा की.

पगारपत्रक
लिहिलंय, ‘विहित पद्धतीने’ असं. त्याचा साधा अर्थ जास्तीचं पुढच्या महिन्यांवर ढकलायचं. पिंपळपानच्या माणसाला पुढचा महिनाच नाही. त्या वाक्यातून शेवटच्याच शीटमध्ये सगळं कापायची मुभा निघते असं मला वाटत नाही.

सदाफुली
मी दुसऱ्या बाजूची. माझे पैसे असेच कापले होते! काही वर्षांपूर्वी एका कंपनीतून बाहेर पडले, ५५ हजार अ‍ॅडव्हान्स बाकी होता, ग्रॅच्युइटी ८० च्या आसपास. त्यांनी अ‍ॅडव्हान्स वळता करून बाकीचा चेक दिला आणि सेटलमेंटच्या कागदावर ‘माझी काहीही बाकी नाही, पुढे मागणी करणार नाही’ अशी सही घेतली. मी करून टाकली, नवीन नोकरीसाठी रिलिव्हिंग लेटर हवं होतं.

नंतर कामगार कार्यालयातल्या एका ओळखीच्या बाईंनी सांगितलं तेव्हा नमुना एन भरून अर्ज केला. कंपनीचा वकील ती सही दाखवत होता. अधिकाऱ्यांनी विचारलं, हिला कशासाठी काढलं? काढलं नव्हतं, मीच सोडलं होतं. मालमत्तेचं नुकसान? नाही. मग ग्रॅच्युइटी कशाच्या आधारावर रोखली? उत्तर नव्हतं. पूर्ण ग्रॅच्युइटी मिळाली, वर उशिराचं दहा टक्के सरळ व्याज.

आणि हो, ५५ हजार मी नंतर हप्त्याने फेडले. मी काही पैसे बुडवायला निघाले नव्हते.

छोटा कारखानदार
ही अशी उदाहरणं वाचली की डोकं फिरतं. फेडलेत हे तुमचं मोठेपण. दहातले किती फेडतात?

पगारपत्रक
सदाफुलीताईंनी माझं काम सोपं केलं. तिसरी पिशवी अशीच आहे. ग्रॅच्युइटी रोखायची कारणं कायद्यात मोजकीच: कर्मचाऱ्याच्या कृत्याने किंवा निष्काळजीपणाने मालकाच्या मालमत्तेचं नुकसान झालं आणि त्यासाठीच त्याला काढलं, तर नुकसानीपुरती रोखता येते. दंगा, मारामारी किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यासाठी काढलं, तर पूर्ण किंवा अंशतः. १९७२ च्या कायद्यातली ही यादी सामाजिक सुरक्षा संहितेतही तशीच आलीय. या यादीत ‘कर्ज बाकी’ कुठे नाही. त्या जुन्या कायद्याच्या कलम १३ नुसार तर कोर्टाच्या हुकूमनाम्यातही ग्रॅच्युइटी जप्त होत नव्हती. कोर्टाला जी रक्कम ओढता येत नाही, ती मालक आपल्याच सहीने कशी ओढणार?

काही सरकारी कंपन्यांच्या क्वार्टर रिकामं न केल्याच्या प्रकरणांत कोर्टांनी भाडं वळतं करायला परवानगी दिलीय, ते दाखले वकील हमखास काढतात. पण तिथले नियम आणि तिथली वस्तुस्थिती वेगळी होती. तुमच्या अ‍ॅडव्हान्सच्या अर्जाला ते चिकटवायला मी जाणार नाही.

पीएफचं तर बोलायलाच नको. ती रक्कम मालकाच्या हातात नसतेच.

जामीनदार
माझा प्रश्न मिळताजुळता. आमच्या कर्मचारी पतसंस्थेचं कर्ज होतं एका मित्राचं, मी जामीन. तो सोडून गेला, कंपनीने त्याच्याकडून काही कापलं नाही आणि आता माझ्या पगारातून जातंय. मालकाने त्याच्या ग्रॅच्युइटीतून का नाही कापलं मग? माझा काय गुन्हा?

पगारपत्रक
तुमचं दुखणं खरं आहे, पण ते कर्ज मालकाचं नाही, संस्थेचं. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम ४९ खाली सभासदाने लिहून दिलेल्या करारावर संस्था मालकाला कपात करायला सांगते, मालक फक्त पोचवणारा. मित्राच्या शेवटच्या पगारातून संस्थेने मागणी केली होती का, आणि मालकाने ती टाळली का, हे संस्थेच्या सचिवाला लेखी विचारा. तुमच्या पगारातून जातंय तेही निम्म्याच्या आत आहे ना, ते मात्र बघा.

पिंपळपान
मधली पिशवी राहिली. रजेचे १२,०००. आणि अर्जावर काय लिहिलंय तेही बघितलं. जुनी फाइल काढली, एका पानाचा अर्ज, खाली एक रुपयाचं रेव्हेन्यू स्टॅम्प आणि त्यावर सही: “सदर रक्कम दरमहा रु. ६,००० प्रमाणे कपात करावी व मी नोकरी सोडल्यास उर्वरित रक्कम माझ्या ग्रॅच्युइटीसह कोणत्याही देय रकमेतून एकरकमी वसूल करावी, माझी हरकत राहणार नाही.” साहेब म्हणतात, त्याने स्वतः लिहून दिलंय, आता काय कायदा?

वाघोबा
मग संपला विषय! लेखी संमती आहे.

सदाफुली
वाघोबा, माझीही होती. हरकत नाही म्हणून लिहून घ्यायची त्यांची सवयच असते. घराचा स्लॅब अर्धा लटकलेला असताना माणूस कशावरही सही करतो.

पगारपत्रक
संमतीने निम्म्याची मर्यादा उठत नाही. त्या मर्यादेच्या पोटकलमाची सुरुवातच ‘या संहितेत काहीही असले तरी’ अशी आहे, त्यामुळे अर्जावरचं वाक्य तिच्यापुढे टिकणार नाही. ग्रॅच्युइटीच्या कायद्यालाही कराराच्या वर स्थान दिलेलं आहे. त्या वाक्यातलं ‘ग्रॅच्युइटीसह’ मी शून्य धरतो. पण वाक्य निरुपयोगी नाही. बाकी रक्कम मान्य आहे आणि नोकरी सोडल्यावर ती एकरकमी देय होते, हे त्यातून सिद्ध होतं. दावा करायची वेळ आली तर हाच कागद कामाचा.

रजेच्या पैशाबद्दल मी छातीठोक सांगणार नाही. वगळण्याच्या यादीत रजेचे पैसे नाहीत, म्हणून ते वेतनच, असं धरलं तर त्यातले निम्मे, ६,००० कापता येतील. काही सल्लागार म्हणतात ते वेतन नाहीच, म्हणून मर्यादाही नाही, सगळं कापा. मी सावध बाजूने जातो: निम्मं. मग एकूण वसुली ८,२७२ अधिक ६,०००, म्हणजे १४,२७२. बाकी राहतात ६९,७२८.

कोपऱ्यातलं टेबल
मी एचआरमध्ये आहे आणि ‘सगळं कापा’ वाल्यांपैकीच. रजेचे पैसे आम्ही पूर्ण वळते करतो, आजवर कोणी हरकत घेतली नाही. पगारपत्रक यांची सावधगिरी जरा जास्त वाटते.

पगारपत्रक
हरकत घेतली नाही आणि चालतं, यात फरक आहे. पण मुद्दा खुला आहे हे मान्य. एवढंच लक्षात ठेवा की बेकायदा कपातीचा दावा तीन वर्षांत करता येतो, नियमात दिलं हे दाखवायची जबाबदारी मालकावर असते आणि अधिकारी कापलेल्या रकमेच्या दहा पटीपर्यंत भरपाई लावू शकतो. सहा हजारांसाठी साठ हजारांचा धोका. माझ्या क्लायंटला मी तो घेऊ देत नाही.

पिंपळपान
मग ६९,७२८ चं काय करायचं? साहेबांना ‘सोडून द्या’ म्हणून सांगू?

पगारपत्रक
सोडून कशाला? पैसे त्याने द्यायचेच आहेत, फक्त त्याच्या हातून आले पाहिजेत, तुमच्या शीटमधून नाही.

आधी एक चुकलेली गोष्ट. राजीनामा कधी दिला होता?

पिंपळपान
बरोबर महिनाभर आधी. गेल्या महिन्याच्या पगारातून नेहमीसारखे ६,०००च कापले.

पगारपत्रक
तिथे संधी गेली. पूर्ण महिन्याचे निम्मे १७,०००, त्यातून पीएफ २,८८० आणि टॅक्स २०० गेले तरी १३,९२० पर्यंत कापता आले असते. त्याच्याकडून ‘हप्ता वाढवा’ असं एक पत्र घेऊन. राजीनामा टेबलावर आला की त्याच दिवशी अ‍ॅडव्हान्सचं खातं उघडायचं, एफ अँड एफच्या दिवशी नाही.

आता पुढचं. पगाराचे पैसे शेवटच्या दिवसापासून दोन कामाच्या दिवसांत द्यावे लागतात. तुमची ४५ दिवसांची पद्धत असेल तर ती विसरा. ग्रॅच्युइटीला ३० दिवस. ती पूर्ण ९६,९२३ त्याच्या खात्यात जाऊ द्या, वेगळी एंट्री, वेगळी पावती. त्याच पावतीत अ‍ॅडव्हान्सचा शब्दही नको.

मग त्याच्याशी बसा. वेगळ्या कागदावर ‘आजअखेर ६९,७२८ बाकी, मान्य’ अशी तारखेसह सही. तो एकरकमी परत करत असेल तर त्याच्या खात्यातून कंपनीच्या खात्यात ट्रान्सफर. हप्ते हवे असतील तर पुढच्या तारखांचे चेक. चेक वटला नाही तर फौजदारी तक्रारीसाठी कलम १३८ आहेच. पैसे देय झाल्यापासून तीन वर्षांत दिवाणी दावा करता येतो, आणि तेवढ्यात त्याने पुन्हा लेखी मान्य केलं तर मुदत तिथून नव्याने मोजली जाते. म्हणून त्या सहीला किंमत आहे.

फक्त एक करू नका: ‘चेक दे, मग ग्रॅच्युइटी देतो’. तोंडी म्हणालात तरी उद्या तो ते सांगणार, आणि मग सगळी स्वेच्छा उडाली.

छोटा कारखानदार
हे ठीक वाटतं. पण पैसे खात्यात पडले आणि माणूस गावी गेला, फोन बंद. मग?

पगारपत्रक
मग तुम्ही इतर कोणत्याही सावकारासारखे. नोटीस, दावा. मालक म्हणून जास्तीचा हक्क नाही. पुढच्या वेळी अ‍ॅडव्हान्सच लहान ठेवा, किंवा सुरुवातीलाच चेक घ्या. दीड लाखाचा अ‍ॅडव्हान्स ३४ हजार पगारावर पंचवीस महिने, हे मुळातच लांबलेलं होतं.

पिंपळपान
अपडेट देते, राहिलं होतं. साहेबांनी पहिले दोन दिवस माझ्याशी बोलणं बंद केलं. मग त्यांच्या वकिलांनीही ग्रॅच्युइटीबद्दल हेच सांगितलं (दोन हजार घेऊन).

२० तारखेला पगाराची शीट केली: २०,४०० मधून पीएफ, टॅक्स आणि ८,२७२ जाऊन १०,२००. नेमके निम्मे हातात. रजेच्या पैशाला साहेब ऐकेनात, पूर्ण १२,००० कापले. मी शीटवर माझ्या पेन्सिलने ‘निम्मं कापावं असं सुचवलं होतं’ लिहून ठेवलंय, बघू. म्हणजे बाकी ६३,७२८.

ग्रॅच्युइटी पुढच्या आठवड्यात पूर्ण गेली. दुसऱ्या दिवशी तो स्वतः आला, पासबुक घेऊन. म्हणाला, ताई, एवढे कसे आले, मला वाटलं तुम्ही कापून घेणार. मी सांगितलं की ते तुमचेच आहेत, अ‍ॅडव्हान्सचं वेगळं बोलू. त्याने ४०,००० तिथेच मोबाइलवरून कंपनीच्या खात्यात टाकले आणि २३,७२८ चे तीन चेक दिले, सोयाबीन विकल्यावरच्या तारखांचे. बाकी मान्य असल्याच्या कागदावर सही केली.

जामीनदार
आमच्या मित्राला असं कोणी भेटलं असतं तर!

कोपऱ्यातलं टेबल
रजेचे पूर्ण कापलेत ना? बघा, काही होत नाही.

सदाफुली
तीन वर्षं थांबा मग बोला.

पिंपळपान
पगारपत्रक, एक शंका. चेकच्या मागे की पुढे काही लिहून घ्यायचं असतं का, ‘अ‍ॅडव्हान्सपोटी’ वगैरे? मी नुसते फाइलला लावलेत.

पगारपत्रक
चेकवर नको. बाकी मान्य केल्याच्या कागदावर तिन्ही चेकचे नंबर आणि तारखा लिहा, त्याची सही तिथे परत घ्या. गावी गेला असेल तर पोस्टाने पाठवा, पण पहिल्या चेकच्या तारखेआधी.